चेंडू कठड्याच्या वर किती सेकंद असतो?

सुट्टीत भाचा आला की आमच्या सोसायटीच्या आवारात एक खेळ ठरलेला असतो. खालून चेंडू सरळ वर फेकायचा, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा ओलांडून तो परत आला की झेलायचा. मी गॅलरीत उभा राहून पंच. यंदा त्याची अकरावी सुरू होणार होती आणि त्याने खालूनच ओरडून विचारलं, "मामा, बॉल वर गेल्यावर थांबल्यासारखा वाटतो ना? कठड्याच्या वर नेमका किती वेळ असतो तो?"

मग आम्ही जिन्यात बसून ते वहीत मांडलं. तीच रीत इथे देतो आहे. दहावीची वर्गसमीकरणं आणि s = ut + ½at² हे सूत्र आठवत असेल तर एवढ्यावर भागतं. फरक इतकाच की इथे "बरोबर" या चिन्हाच्या जागी "पेक्षा मोठं" हे चिन्ह येतं, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

आधी उंची मोजा, मग वेग

कठड्याची उंची काढायला शिडी लागत नाही, पायऱ्या मोजायच्या. आमच्या जिन्यात मजल्याला २२ पायऱ्या आहेत आणि एक पायरी १५ सेंटिमीटर उंच. तीन मजल्यांच्या ६६ आणि जोत्याच्या ४, अशा ७० पायऱ्या. म्हणजे तिसऱ्या मजल्याची फरशी १०.५ मीटरवर. त्यावर कठडा १ मीटर. कठड्याची वरची कड जमिनीपासून ११.५ मीटरवर आली.

वेगासाठी भिंतीवर खडूने एक मीटरच्या अंतरावर दोन रेघा मारल्या आणि मोबाईलच्या स्लो मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेमने, फेक टिपली. चेंडूने हातातून सुटल्याबरोबर ते एक मीटर १६ फ्रेममध्ये पार केलं. १६ भागिले २४० म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, म्हणून वेग सेकंदाला १५ मीटर. हात जमिनीपासून १.५ मीटरवर असताना चेंडू सुटला.

आता घड्याळ कुठून सुरू करायचं आणि उंची कुठून मोजायची, हे वहीत लिहूनच ठेवा. आम्ही ठरवलं की चेंडू हातातून सुटतो तेव्हा t = ०, उंची जमिनीपासून, आणि वरची दिशा धन. गुरुत्व त्वरण g पहिल्या फेरीत १० धरलं, म्हणजे आकडे सुटसुटीत येतात.

h = १.५ + १५t − ५t²

हे सूत्र नुसतं पाठ न करता वाचून पाहा. गुरुत्वाकर्षण नसतं तर चेंडू t सेकंदात १५t मीटर वर गेला असता. गुरुत्वाकर्षण त्यातले ५t² मीटर खाऊन टाकतं. एका सेकंदाने १५ पैकी ५ गेले, उरले १०. दोन सेकंदांनी ३० पैकी २० गेले, पुन्हा उरले १०. म्हणजे एका सेकंदाला आणि दोन सेकंदांना चेंडू एकाच उंचीवर असतो, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ५t² च्या जागी १०t² लिहिणं. सूत्रात g चा अर्धा भाग येतो, पूर्ण g नाही.

प्रश्न असमानतेत लिहा

"चेंडू कठड्याच्या वर आहे" याचा अर्थ h ही ११.५ पेक्षा जास्त आहे.

१.५ + १५t − ५t² > ११.५

सगळं डाव्या बाजूला आणलं की

−५t² + १५t − १० > ०

आणि −५ ने भागलं की

t² − ३t + २ < ०

इथे चिन्ह उलटलं, आणि हीच पायरी सगळ्यांत जास्त वेळा चुकते. समीकरणाला ऋण संख्येने भागताना काहीच बदलत नाही, म्हणून हाताला तीच सवय लागलेली असते. पण ३ > २ असताना −३ मात्र −२ पेक्षा लहान असतो. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की संख्यारेषेवरचा क्रम आरशात पाहिल्यासारखा उलटतो. ज्यांना हे लक्षात राहत नाही त्यांनी सरळ सगळी पदं उजव्या बाजूला न्यावीत. मग ० > ५t² − १५t + १० असं मिळतं, भागाकार ५ ने होतो आणि उलटापालटीची वेळच येत नाही. भाच्याला मी हीच वाट दाखवली.

चिन्ह चुकलं की नाही हे ओळखणंही सोपं आहे. चुकीच्या चिन्हाने उत्तर येतं "t < १ किंवा t > २". त्यात t = ० घालून पाहा. त्या क्षणी चेंडू हातात आहे, आणि आपलं उत्तर म्हणतंय की तो तिसऱ्या मजल्याच्या वर आहे!

अवयव पाडा, पण समीकरणासारखे सोडवू नका

(t − १)(t − २) < ०

समीकरण असतं तर आपण "t = १ किंवा t = २" लिहून मोकळे झालो असतो. त्याच सवयीने पुष्कळजण इथे "t < १ किंवा t < २" लिहितात. ते चूक आहे. दोन संख्यांचा गुणाकार ऋण हवा असेल तर त्यातली एक धन आणि एक ऋण असायला हवी. म्हणून वेळेच्या रेषेवर १ आणि २ इथे खुणा करा. रेषेचे तीन तुकडे पडतील. १ च्या आधी दोन्ही कंस ऋण, गुणाकार धन. २ च्या नंतर दोन्ही धन, गुणाकार धन. मधल्या तुकड्यात t − १ धन आणि t − २ ऋण, म्हणून गुणाकार ऋण. आपल्याला हवा तो तुकडा हाच.

१ < t < २

चेंडू सुटल्यापासून एका सेकंदाने कठडा ओलांडतो आणि दोन सेकंदांनी परत खाली येतो. कठड्याच्या वर एक सेकंद. पडताळा म्हणून मधली वेळ १.५ घाला. १.५ + २२.५ − ११.२५ = १२.७५ मीटर, कठड्यापेक्षा जास्त. हा चेंडूचा सर्वोच्च बिंदूही आहे, कारण तो दोन्ही मुळांच्या बरोबर मधे येतो.

आता भाच्याला जे दिसलं होतं त्याकडे या. हातातून सुटून पुन्हा हातात येईपर्यंत चेंडूला ३ सेकंद लागतात, आणि हातापासून तो ११.२५ मीटर वर चढतो. कठड्याच्या वरचा भाग फक्त १.२५ मीटरचा, म्हणजे चढाईचा नववा हिस्सा. पण तेवढ्यात वेळ गेला ३ पैकी १ सेकंद, म्हणजे तिसरा हिस्सा. उंचीचा वरचा नववा भाग घ्या, वेळ तिसरा भाग. उंचीचा वरचा चौथा भाग घ्या, वेळ निम्मा. वर्गमूळ आहे ते. चेंडू वर "थांबल्यासारखा" वाटतो तो यामुळे. तो एक क्षणही रेंगाळत नाही, त्याचा वेगच तिथे कमी झालेला असतो.

g ९.८ धरला तर

भाचा म्हणाला, "खरा g ९.८ आहे, दोन टक्क्यांनी काय बिघडणार?" करून पाहू. g चा अर्धा ४.९.

४.९t² − १५t + १० < ०

याचे अवयव सहज पडत नाहीत, म्हणून विवेचक काढायचा. विवेचक म्हणजे b² − ४ac, आपण त्याला D म्हणू.

D = २२५ − १९६ = २९, त्याचं वर्गमूळ सुमारे ५.३८५

मुळं आली (१५ − ५.३८५) ÷ ९.८ आणि (१५ + ५.३८५) ÷ ९.८, म्हणजे ०.९८ आणि २.०८ सेकंद. t² चा सहगुणक धन आहे, आलेख वर उघडणारा आहे, म्हणून "शून्यापेक्षा कमी" हा भाग दोन मुळांच्या मधला. कठड्याच्या वरचा वेळ १.१० सेकंद.

g दोन टक्क्यांनी बदलला आणि उत्तर दहा टक्क्यांनी. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. g कमी केल्यावर चेंडूचा सर्वोच्च बिंदू १२.७५ वरून १२.९८ मीटरवर गेला. एकूण उंचीच्या मानाने हे २३ सेंटिमीटर काहीच नाहीत. पण आपल्या वेळेला एकूण उंचीशी देणंघेणं नाही. तिला फक्त कठड्याच्या वर चेंडू किती गेला एवढंच ठाऊक असतं, आणि ते १.२५ चं १.४८ झालं. ज्या रेषेच्या वरचा वेळ मोजायचा, म्हणजे इथे कठड्याची कड, ती सर्वोच्च बिंदूच्या जितकी जवळ, तितका छोटा फरक मोठा होऊन उत्तरात येतो. म्हणून अशा वेळी g ला १० धरू नका. मुळंही आधी दोन दशांशांवर आणून मग वजा करू नका. थेट मुळांमधला फरक घ्या. तो २√D ÷ ९.८ इतका येतो, कारण १५ हा आकडा वजाबाकीत उडून जातो.

त्या √D कडे जरा थांबून बघा. v² = u² − २gs हे सूत्र घ्या आणि हातापासून कठड्यापर्यंतचे १० मीटर त्यात घाला. २२५ − १९६ = २९. म्हणजे विवेचक हा कठड्यापाशी चेंडूच्या वेगाचा वर्ग निघाला, आणि √D म्हणजे कठडा ओलांडतानाचा वेग, सेकंदाला ५.३८५ मीटर. तो वेग ९.८ च्या दराने संपायला जितका वेळ लागतो, तितकाच तो खाली येताना परत मिळवायला लागतो. म्हणून दुप्पट. मला स्वतःला हे कळलं तेव्हा विवेचकाबद्दलचा परकेपणा गेला.

चेंडू पोचतच नसेल तर

हेच D सांगतं. १५ ऐवजी १३ च्या वेगाने फेकला तर D = १६९ − १९६ = −२७. ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नाही, मुळं नाहीत, आलेख सगळाच शून्याच्या वर, आणि "शून्यापेक्षा कमी" असा एकही क्षण नाही. चेंडू कठड्याखालूनच परतला. इथे "उत्तर येत नाही" असं लिहून सोडू नका. "कठड्याच्या वर वेळ शून्य" हेच उत्तर आहे.

१४ च्या वेगाला गंमत होते. D = १९६ − १९६ = ०. चेंडू १.४३ सेकंदांनी कठड्याच्या कडेला बरोबर टेकतो आणि परततो. प्रश्नात "वर" असेल तर एकही क्षण नाही. "वर किंवा समपातळीत" असेल, म्हणजे चिन्ह ≥ असेल, तर तो एकच क्षण.

१४ ला शून्य आणि १५ ला १.१ सेकंद. आता फ्रेम आठवा. आमच्याकडून एक फ्रेम मोजायची चुकली असती, १६ ऐवजी १७, तर वेग १४.१ आला असता आणि कठड्यावरचा वेळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. मोजलेल्या वेगावरून हा वेळ आधीच सांगणं किती नाजूक आहे, ते यातून दिसतं.

ऋण मूळ आलं तर

भाचा वर आला आणि त्याने गॅलरीतून हात उंच करून, जमिनीपासून १२ मीटरवरून, सेकंदाला ५ मीटर वेगाने चेंडू वर उडवला. तोच कठडा, तोच प्रश्न.

१२ + ५t − ४.९t² > ११.५, म्हणून ४.९t² − ५t − ०.५ < ०

मुळं −०.०९ आणि १.११. असमानतेचं उत्तर −०.०९ पासून १.११ पर्यंत आहे, पण फेकण्यापूर्वीची वेळ आपल्या गोष्टीत नाही. चेंडू सुटतानाच कठड्याच्या वर आहे. म्हणून खरा कालावधी ० पासून १.११ सेकंद. इथे मुळांमधला फरक घेतला तर १.२० येईल, आणि ते चूक. सुटण्याची जागा रेषेच्या वर असेल तेव्हा ही खबरदारी घ्यायची, आणि ती वहीत सुरुवातीलाच लिहिलेल्या "सुटतो तेव्हा t = ०" यावरून आपोआप सुचते.

उलटा प्रवास: वेळेवरून उंची

वेगावरून वेळ नाजूक, पण वेळेवरून उंची भक्कम. चेंडू रेषेच्या वर T सेकंद असेल तर सर्वोच्च बिंदूपासून रेषेपर्यंत पडायला त्याला T चा अर्धा वेळ लागतो. ½ × ९.८ × (T/२)² केलं की

रेषेच्या वरची उंची = १.२२५ × T²

१.१ सेकंद घातले की १.४८ मीटर, वर आलं होतं तेच. यात फेकण्याचा वेग लागत नाही, हाताची उंची लागत नाही, एक मोबाईल पुरतो.

मोबाईल मात्र कठड्याच्या पातळीत हवा. आम्ही समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत तो ठेवला. खालून चित्रण केलं तर नजरेची रेघ तिरकी वर जाते. चेंडू भिंतीच्या अलीकडे असतो, त्यामुळे तो कठड्याच्या खाली असतानाच ओलांडल्यासारखा दिसतो आणि वेळ जास्त भरतो. आणखी एक: चेंडूचा मध्य धरायचा की खालची कड, ते ठरवा, आणि जाताना-येताना तेच धरा. स्लो मोशन वापरत असाल तर चित्रण सेकंदाला किती फ्रेमने झालं तो आकडा घ्या. २४० ने टिपलेलं ३० ने दाखवलं जातं, आणि पडद्यावरचं घड्याळ धरलं तर वेळ आठपट येतो.

हवा

आतापर्यंत हवा धरलेली नाही. टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा असतो, क्रिकेटचा सीझन बॉल १६० च्या आसपास, आणि आकारात फार फरक नाही. सेकंदाला १५ मीटर वेगाला हवेचा विरोध सीझन बॉलच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा होतो. टेनिसच्या चेंडूला तो वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्याही पुढे जातो, म्हणून त्याच वेगाने फेकलेला टेनिसचा चेंडू बहुधा आमच्या कठड्यापर्यंत पोचतच नाही. विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सुरुवातीला तो जोरात, पण कठड्यापाशी वेग १५ चा ५ च्या आसपास झालेला असतो आणि विरोध सुरुवातीच्या आठव्या हिश्शापर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे आधी वर्तवलेला १.१ सेकंद हवेमुळे पार चुकू शकतो, तर मोजलेल्या वेळेवरून काढलेली कठड्यावरची उंची जवळपास बरोबर राहते.

आम्ही सीझन बॉल घेतला. १६ फ्रेमची फेक जुळेपर्यंत भाच्याने बराच वेळ फेकाफेक केली आणि तोवर मी खालच्या कुंड्या आत घेऊन ठेवल्या. काकूंच्या गॅलरीतला मोबाईल ३० फ्रेमवर होता. वहीतल्या १.१ सेकंदाला ३३ फ्रेम भरायला हव्या होत्या. आम्ही तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा २१. म्हणजे ०.७ सेकंद आणि कठड्याच्या वर ६० सेंटिमीटर. भाच्याने वहीत १.४८ च्या शेजारी ०.६० लिहिलं, मधल्या ८८ सेंटिमीटरला गोल केला आणि आत "हवा" असं लिहिलं.